धागा: घरपोच भाजी – स्लॉट किती ऑर्डरींना बंद करायचा? रूट कसे पाडायचे?

कोथिंबीर_जुडी
पश्चिम पुण्यात शनिवारी भाजी घरपोच देतो. गोदाम भूगावला, गाडी एकच, छोटा हत्ती. ड्रायव्हर आणि एक पोऱ्या. ऑर्डरी गूगल फॉर्मवर येतात, शीटमध्ये जमा होतात. स्लॉट दोन: सकाळी ७ ते ९ आणि ९ ते ११. प्रत्येक स्लॉटला १५ ऑर्डरी झाल्या की बंद करतो.

अडचण अशी की तेवढ्याच १५ ऑर्डरींत एखाद्या शनिवारी साडेआठच्या आत गाडी रिकामी होते आणि पुढच्या शनिवारी सव्वानऊ वाजले तरी क्रेट उरलेले असतात. मग ९ ते ११ वाल्यांचीही बोंब. सध्या पिनकोडवरून रूट पाडलेत. कोथरूड, कर्वेनगर, वारजे, बावधन, पाषाण आणि सिंहगड रोडचा थोडा भाग एवढी हद्द आहे. आकडा १५ चा किती करू? आणि रूट पाडायची काही रीत आहे का?

हिशेबी_ठाणेकर
१५ चे १० करा, विषय संपला. प्रत्येक घराला जास्तीत जास्त किती वेळ लागतो ते बघा (समजा १२ मिनिटं) आणि १२० ला त्याने भागा. दहा आले. दहाला बंद केलंत की कधीच उशीर होणार नाही.

चौथा_गिअर
ठाणेकर, उशीर होणार नाही हे खरं, पण गाडी बऱ्याच शनिवारी अर्धा-पाऊण तास उभी राहील. प्रत्येक घर वाईटात वाईट निघत नाही. एका ठिकाणी लिफ्ट बंद असते, दुसऱ्या ठिकाणी बाई पिशवी घ्यायला गेटवरच उभ्या असतात. फरक एकमेकांत जिरतात. म्हणून थांब्याला सरासरी वेळ धरायचा आणि राखीव वेळ एकदाच, शेवटी, पूर्ण स्लॉटमधून काढायचा. दोन्हीकडे काढलात तर तोच राखीव वेळ दोनदा कापला जातो.

जुडीताई (की दादा?), तुमचा प्रश्न आकड्याचा नाहीच. मर्यादा ऑर्डरींवर लावू नका, मिनिटांवर लावा. मला तीन गोष्टी सांगा:
१. एका सोसायटीत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत सरासरी किती मिनिटं? गेटवरची नोंद, लिफ्ट, पैसे, सगळं धरून.
२. एका सोसायटीतून पुढच्या सोसायटीच्या गेटपर्यंत किती?
३. त्याच सोसायटीत दुसरं घर असेल तर वाढीव किती?

कोथिंबीर_जुडी
ताई. ड्रायव्हरने दोन शनिवार वेळा लिहून आणल्यात. सोसायटीत ५ मिनिटं, दोन सोसायट्यांमध्ये साधारण ४, त्याच सोसायटीत पुढचं घर ३. सिंहगड रोडचं मात्र काही खरं नाही, तिकडे जायलाच २५ लागतात कधीकधी.

अन्नपूर्णा_डबे
आम्ही डबे पोचवतो, सत्तर घरं, असला काही त्रास नाही. पोऱ्याला एकदा क्रम लावून दिला की तो डोळे मिटून जातो. तुम्हीही पक्का क्रम लावून द्या, स्लॉट वगैरे भानगड कशाला?

चौथा_गिअर
अन्नपूर्णा, तुमचं गिऱ्हाईक महिन्याचं असतं, रोज तेच घर. तिथे पक्का क्रमच बरोबर. ताईंकडे दर शनिवारी निम्मी घरं बदलतात आणि वेळ गिऱ्हाईक निवडतं. क्रम ऑर्डरी आल्यावरच लागणार. त्याआधी प्रश्न आहे तो किती ऑर्डरी घ्यायच्या हा.

ताई, तुमच्या आकड्यांवर हिशेब. गाडी बरोब्बर सातला पहिल्या गेटवर हवी, म्हणजे भूगावहून निघणं आणि लोडिंग सातच्या आधीच उरकायचं. त्यामुळे पहिल्या सोसायटीला फक्त ५ मिनिटं लागतात, पुढच्या प्रत्येक नव्या सोसायटीला ४ प्रवास + ५ हातात देणं = ९, आणि आधीच ठरलेल्या सोसायटीतल्या जादा घराला ३.

आता तुमचे दोन शनिवार बघा. १५ ऑर्डरी ७ सोसायट्यांत असतील तर ५ + ६×९ + ८×३ = ८३ मिनिटं, गाडी ८:२३ ला मोकळी. त्याच १५ ऑर्डरी १५ वेगळ्या सोसायट्यांत असतील तर ५ + १४×९ = १३१ मिनिटं, म्हणजे ९:११. तुम्ही लिहिलेल्या वेळांशी हे जुळतंय. आकडा १५ चा तोच, काम दीडपटीहून जास्त.

मर्यादा: १२० मिनिटांतून १५ टक्के राखीव काढा, उरली १०२. शीटमध्ये प्रत्येक तारीख-स्लॉट-रूटसाठी एक ओळ ठेवा. B मध्ये ऑर्डरींची संख्या, C मध्ये वेगवेगळ्या सोसायट्यांची संख्या (`COUNTUNIQUEIFS` ने येते), आणि D मध्ये हे:

```
=IF(B2=0,0,5+9*(C2-1)+3*(B2-C2))
```

नवी ऑर्डर धरून D हा १०२ च्या वर जात असेल तर ती घ्यायची नाही. सगळ्या सोसायट्या वेगळ्या असतील तर ११ ऑर्डरी बसतात (९५ मिनिटं). तीन ऑर्डरी एकाच सोसायटीतल्या असतील तर १३ बसतात (१०१ मिनिटं). दहा बरोबर की पंधरा बरोबर हा वादच उरत नाही.

हिशेबी_ठाणेकर
हे पटलं. पण १५ टक्केच का? २० का नाही?

चौथा_गिअर
ठोकताळा आहे, शास्त्र नाही. पाच-सहा शनिवार D ने सांगितलेला वेळ आणि गाडी खरंच मोकळी झाली तो वेळ शेजारीशेजारी लिहा. फरक दर वेळी एकाच बाजूला जात असेल तर राखीव वेळेला हात लावू नका, ५, ४, ३ हे आकडे चुकलेत. फरक कधी इकडे कधी तिकडे होत असेल आणि अधूनमधून नऊची वेळ टळत असेल, तेव्हा राखीव वाढवा.

अर्धविराम
सूत्र छान आहे. त्यातली आणखी एक खुबी सांगतो, कारण बरेच जण इथे घसरतात. ऑर्डर आली की ९ किंवा ३ मिनिटं जमा करायची आणि रद्द झाली की तेवढीच वजा करायची, असं करू नका. समजा एका सोसायटीत पहिली ऑर्डर ९ ने जमा झाली, दुसरी ३ ने. आता पहिली रद्द झाली. ९ वजा केलेत तर शीट म्हणणार की त्या सोसायटीत जायला ३ मिनिटंच लागतात. गाडीला तर तिथे जावंच लागणार आहे, सुटली फक्त ३. अशा चार रद्द ऑर्डरी झाल्या की स्लॉटमध्ये २४ मिनिटांचा न दिसणारा खड्डा पडतो. वरच्या सूत्रासारखं दर वेळी पूर्ण यादीवरून नव्याने मोजलं की हा प्रश्न येत नाही. रद्द ऑर्डरी मात्र `COUNTIFS` आणि `COUNTUNIQUEIFS` दोन्हींतून वगळायला विसरू नका.

गिऱ्हाईकाने स्लॉट बदलून मागितला तर आधी नव्या स्लॉटमध्ये जागा पकडा, मगच जुनी सोडा. उलट केलंत आणि नवा भरलेला निघाला, तर तोवर जुनी जागा दुसऱ्याने घेतलेली असते.

आता फॉर्मचं. ताई, गूगल फॉर्ममध्ये पर्याय काढून टाकला तरी ज्याने फॉर्म आधीच उघडून ठेवलाय त्याला तो दिसतच राहतो. गुरुवारी रात्री व्हॉट्सॲपवर लिंक गेली की दहा-पंधरा जण एकदमच भरतात. शेवटच्या ९ मिनिटांवर तिघे बसतात.

कोथिंबीर_जुडी
हो, हे दर आठवड्याला होतं! मग कुणाला तरी फोन करून नाही म्हणावं लागतं. शीटला स्क्रिप्ट लावता येते ना?

अर्धविराम
येते, पण कुठे लावता त्यावर आहे. फॉर्म सबमिट झाल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टच्या आधीच गिऱ्हाईकाला "धन्यवाद" दिसून गेलेलं असतं. तेव्हा दोन वाटा. फॉर्मच ठेवायचा असेल तर त्याच्या पुष्टी संदेशात "ऑर्डर मिळाली, स्लॉट पक्का झाल्याचा मेसेज येईल" असं लिहा आणि न बसणाऱ्या ऑर्डरी प्रतीक्षायादीत टाका. नाहीतर फॉर्म सोडून ॲप्स स्क्रिप्टचंच छोटं वेबपान करा, तिथे जागा आहे की नाही ते सबमिट होतानाच कळतं.

दोन्हीकडे उरलेली मिनिटं वाचणं आणि ऑर्डर लिहिणं ही दोन कामं एकाच कुलुपात हवीत:

```javascript
const lock = LockService.getScriptLock();
lock.waitLock(10000);
try {
  // मिनिटे मोजा; बसत असेल तरच ओळ लिहा
  SpreadsheetApp.flush();
} finally {
  lock.releaseLock();
}
```

`flush` कुलूप सोडण्याच्या आत हवं. नाहीतर लिहिलेली ओळ शीटवर उतरायच्या आधी पुढचा माणूस जुनाच आकडा वाचतो. दहा सेकंदांत कुलूप मिळालं नाही तर `waitLock` एरर देतं, तेव्हा "पुन्हा प्रयत्न करा" असं दाखवा, गप्प बसू नका. पैसे आगाऊ घेत असाल तर आणखी एक गोष्ट: पैसे येईपर्यंत जागा १० मिनिटं धरून ठेवायची आणि नंतर आपोआप सोडायची. यूपीआयचे पैसे अकराव्या मिनिटालाही येतात. त्या वेळी जागा पुन्हा तपासायची, नसेल तर पैसे परत की दुसरा स्लॉट हे आधीच ठरवून ठेवा.

कोथिंबीर_जुडी
आगाऊ नाही घेत, दारात यूपीआय. एवढं तरी सोपं. आता रूट सांगा कुणीतरी.

चौथा_गिअर
पिनकोड हा टपालाच्या सोयीसाठी आहे, गाडीच्या नाही. ४११०५१ आणि ४११०५२ हे लागोपाठचे आकडे. एक सिंहगड रोडकडचा, दुसरा कर्वेनगरचा. नकाशावर समोरासमोर, मध्ये मुठा. राजाराम पुलाशी जाऊन वळसा घालावा लागतो. उलट ४११०२१ या एकाच पिनमध्ये बावधनही आहे आणि पाषाणही, आणि त्या दोघांत टेकडी. सरळ रेषेत अंतर मोजून गट पाडणाऱ्या सगळ्या सोयी इथेच फसतात, त्यांना नदी आणि टेकडी दिसत नाही.

रीत अशी: नदी, हायवे, टेकडी या रेषा आधी आखा. त्या ओलांडायला लागतील असे दोन भाग एका रूटमध्ये घेऊ नका. तुमच्या हद्दीत मी असे पाडीन: अ – कोथरूड, कर्वेनगर, वारजे (हायवेच्या अलीकडचं). ब – बावधन आणि पाषाण, पण दोन उपगट करून, आधी एक पूर्ण, मग दुसरा. क – सिंहगड रोड, तो शनिवारी घेऊच नका. आणि रूट पिनवरून न ठरवता सोसायटीच्या नावावरून ठरवा. फॉर्ममध्ये सोसायट्यांची यादी द्या, शीटमध्ये प्रत्येकीपुढे रूट लिहा. "इतर" निवडलं तर ते हाताने बघायचं. नाव टाइप करायला दिलंत तर एकाच सोसायटीची तीन स्पेलिंगं येतील आणि सूत्र तिला तीन सोसायट्या समजेल.

हिशेबी_ठाणेकर
अ, ब, क तिन्हींना १०२-१०२ मिनिटं दिली की झालं ना?

चौथा_गिअर
गाडी एक आहे! तिन्ही रूटना एकाच स्लॉटमध्ये १०२ दिलीत तर ३०६ मिनिटं विकली जातील. मर्यादा दोन लागतात, रूटची वेगळी आणि गाडीची वेगळी. आणि कोथरूडहून बावधनला उडी मारण्यातही वेळ जातो, तो कुठल्याच रूटच्या हिशेबात नसतो. एका गाडीला एका स्लॉटमध्ये एकच रूट: ७ ते ९ अ, ९ ते ११ ब.

आता दुसऱ्या स्लॉटमध्ये १०२ मिनिटं मिळणार नाहीत, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नऊला गाडी कोथरूडमध्ये आहे. परत भूगाव २० मिनिटं, लोडिंग १५, तिथून बावधन १०. पहिलं गेट ९:४५ ला. उरली ७५, राखीव काढून ६४, वेगवेगळ्या सोसायट्या धरल्या तर ऑर्डरी फक्त ७. तोच माल सकाळीच दोन्ही स्लॉटचा भरून निघालात तर कोथरूडहून थेट बावधन १५ मिनिटं, उरली १०५, राखीव काढून ८९, ऑर्डरी १०. म्हणजे एक फेरी वाचवून तीन ऑर्डरी जास्त.

त्यासाठी ९ ते ११ चे क्रेट आधी, केबिनच्या बाजूला. ७ ते ९ चे मागच्या फाळक्याजवळ, त्यातही पहिलं घर सगळ्यात शेवटी चढवायचं. दोन स्लॉटच्या पिशव्यांना दोन रंगांच्या चिठ्ठ्या. क्रम उलटा लागला तर दर थांब्याला दोन मिनिटं क्रेट हलवण्यात जातात आणि तुमच्या ५ चे ७ होतात. दहा थांब्यांत सगळा राखीव वेळ तिथेच गेला.

कोथिंबीर_जुडी
पालेभाजीचं काय? मे महिन्यात साडेसहाला भरलेला पालक अकराला गळून जातो.

चौथा_गिअर
ओलं गोणपाट वर टाका, ताडपत्री वरून लावा पण बाजूने हवा खेळू द्या. आणि ब रूटचा पालक-मेथी त्या दोन महिन्यांपुरता बंद ठेवायचा का ते बघा. तसं केलं नाही तर ७ ऑर्डरींवर समाधान. यात तिसरी वाट मला दिसत नाही.

हापूस_आणि_फणस
आमच्याकडे गणित वेगळं निघतं. आंब्याच्या पेट्या देतो. गिऱ्हाईक दारातच पेटी उघडून वरचा थर बघतं, कधी दोन फळं बदलून मागतं. ५ मिनिटांत कुणीच सोडत नाही, ८-९ धरावी लागतात. मोठ्या सोसायटीत एकेका इमारतीत तीन-चार पेट्या, त्या वेळी मिनिटं शिल्लक असतात पण गाडीत जागा संपते. म्हणून आम्ही दोन रकाने ठेवतो, मिनिटं आणि पेट्या. जे आधी भरेल त्यावर स्लॉट बंद. ताई, दोन्ही स्लॉटचा माल एकदम भरणार असाल तर क्रेटचीही मर्यादा घाला, आणि ती दोन्ही स्लॉट मिळून एकच असेल, प्रत्येकी वेगळी नाही.

चौथा_गिअर
बरोबर. हे माझ्याकडून लिहायचं राहिलं होतं.

कोथिंबीर_जुडी
एक शंका. अ रूट १०० मिनिटांवर पोचला. आता नवी सोसायटी बसत नाही, आणि ३ मिनिटांचं जादा घरही बसत नाही. पण ९६ वर असताना नव्या सोसायटीला "भरला" आणि जुन्या सोसायटीला "आहे" असं दिसणार. दोघी मैत्रिणी निघाल्या तर भांडण माझ्याशी.

अर्धविराम
दाखवायचंच कशाला? ज्याला बसत नाही त्याला "तुमच्या सोसायटीसाठी हा स्लॉट उपलब्ध नाही" एवढंच. "भरला" हा शब्द टाळा. खोटं नाही आणि वादही नाही.

हिशेबी_ठाणेकर
मला हे पटत नाही. गिऱ्हाईकाच्या नजरेत हा पक्षपातच. त्यापेक्षा ९३ च्या पुढे सगळ्यांनाच बंद करा. दोन ऑर्डरी गेल्या तर गेल्या.

हापूस_आणि_फणस
दोन ऑर्डरी दर शनिवारी गेल्या तर महिन्याला आठ. आम्ही उघड सांगतो: तुमच्या सोसायटीत गाडी येणारच आहे, म्हणून अजून घेतोय. लोक उलट शेजाऱ्याला फोन करून सांगतात. पण पुण्यात चालेल का ते तुम्ही ठरवा.

नवखा_विक्रेता
एवढं सगळं कशाला, गूगल मॅप्समध्ये सगळे पत्ते टाकले की तोच रस्ता लावून देतो ना? आणि ओआर-टूल्स नावाचं काहीतरी आहे म्हणे, त्यात वेळेच्या खिडक्याही घालता येतात.

अर्धविराम
मॅप्सच्या ॲपमध्ये थांबे दहाच्या आत घ्यावे लागतात आणि तो क्रम स्वतः लावत नाही, तुम्ही टाकाल त्या क्रमाने नेतो. ओआर-टूल्स फुकट आहे आणि खिडक्या, गाडीची क्षमता सगळं घेतं, पण त्याला प्रत्येक दोन थांब्यांमधला वेळ आधी भरून द्यावा लागतो, तो कुठून आणणार? एक गाडी, अकरा थांबे, एकच भाग. तुमचा ड्रायव्हर कागद बघून तेवढाच चांगला क्रम लावतो. चार गाड्या आणि शंभर थांबे झाले की मग बघा. आणि तरीही ऑर्डर घेताना मर्यादा लागेलच, जास्त विकलेल्या ऑर्डरी कुठलंही सॉफ्टवेअर दोन तासांत बसवत नाही.

कोथिंबीर_जुडी
शीट नवीन केली. सोसायट्यांची यादी भरतेय, ६४ झाल्या. बावधनच्या काही जणी ७ ते ९ मिळणार नाही म्हटल्यावर नाराज होणार हे दिसतंय. त्यांच्यासाठी महिन्यातून एक शनिवार उलटा लावू का? म्हणजे ब आधी, अ नंतर?

चौथा_गिअर
लावू शकता, पण मग लोडिंगचा क्रमही उलटा आणि मिनिटंही वेगळी. बावधन गोदामाच्या जवळ, तिथून कोथरूडला जाईपर्यंत सव्वानऊ, आणि तोवर कर्वे रोडला गर्दी सुरू झालेली असते. अ साठी ४ चे ६ धरा. म्हणजे नवी सोसायटी ९ ची ११, मर्यादा ८९, ऑर्डरी ८. अकराच्या जागी आठ. नाराजी कुणाची स्वस्त पडते ते तुम्हीच ठरवा.

हिशेबी_ठाणेकर
किंवा ब ला ९ ते ११ मध्ये घरपोच शुल्क कमी.

कोथिंबीर_जुडी
शुल्काचं घरी विचारते. आणखी एक, विसर्जनाच्या दिवशी आणि पालखीच्या वेळी काय करता सगळे?

अर्धविराम
मर्यादेचा आकडा सूत्रात थेट लिहू नका. वेगळ्या टॅबमध्ये तारीख, रूट, मर्यादा अशा तीन रकान्यांत अपवाद ठेवा. त्या तारखेची ओळ सापडली तर ती घ्यायची, नाहीतर १०२ किंवा ८९. बंद ठेवायचा असेल त्या दिवशी ०. आणि ही ओळ लिंक पाठवायच्या आधी भरा. ऑर्डरी आल्यावर मर्यादा खाली आणलीत तर आधीच घेतलेल्यांचं काय करायचं, याचं उत्तर शीटकडे नसतं.

अन्नपूर्णा_डबे
विसर्जनाला आम्ही सरळ सुट्टी देतो.